फोटोतील ९२५चा शिक्का पाहून मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : "परिचितांकडे जुने चांदीचे तबक (९०० ग्रॅम), दोन मेणबत्तीदाण्या (४०० ग्रॅम) आणि बांगड्या (२०० ग्रॅम) विकायच्या आहेत. फोटोंत सगळ्यांवर ९२५चा शिक्का दिसतो, चांदी काळवंडलेलीही आहे. मुदत ठेव मोडून घेऊ का?"

उत्तर : तपासणीपूर्वी ठेव मोडू नये. ९२५ याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी. त्या हिशेबाने आपण १,३८७ ग्रॅम शुद्ध चांदीची किंमत देणार आहात. मात्र शिक्का हा केवळ ठोकणाऱ्याचा दावा असतो आणि तो पितळेवरही उमटवता येतो. फोटो मोठा करून ईपीएनएस ही अक्षरे शोधावीत. ती असल्यास वस्तू चांदीचा मुलामा दिलेली निकेल-मिश्रधातूची आहे.

काळवंडण्यावरही विसंबू नये. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा थर चढतो, पण तो मुलाम्याच्या चांदीवरही तसाच चढतो. उलट ऱ्होडियमचा थर दिलेली अस्सल बांगडी वर्षानुवर्षे चकाकत राहते. फोटोत खरे पाहण्याजोगे आहेत ते तबकाचे काठ आणि नक्षीचे उंचवटे, कारण घासून मुलामा तिथे आधी जातो. तिथे तांबूस किंवा पिवळसर धातू अथवा हिरवट डाग दिसले, तर मुलाम्याचा दाट संशय घ्यावा. न दिसल्यास काहीच सिद्ध होत नाही, शिवाय पिवळ्या दिव्याखालच्या फोटोत रंगाचा भरवसा नसतो.

म्हणून तबकाच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कानशीने बारीक खाच पाडून त्यात आम्लाचा थेंब टाकून घ्यावा. नायट्रिक आम्लातील डायक्रोमेटचे हे द्रावण चांगल्या चांदीवर रक्तासारखे लाल होते. ते घातक असल्याने हे काम जाणकारानेच करावे. क्ष-किरण यंत्राने खाच न पाडता टक्केवारी मिळते, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचते. मुलामा जाड असेल तर आकडा फसवा येतो. मी स्वतः खाचेतच यंत्राचे वाचन घ्यायला सांगतो.

मेणबत्तीदाण्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या बुडात बहुधा सिमेंट किंवा राळ भरलेली असते आणि वजनकाटा तीही मोजतो. समजा तबक मुलाम्याचे निघाले आणि दाण्यांत २५० ग्रॅम भराव असला, तर उरलेल्या ३५० ग्रॅमच्या ९२५ चांदीत शुद्ध चांदी सुमारे ३२४ ग्रॅमच भरते, म्हणजे दाव्याच्या पाव हिश्शाहूनही कमी.

तेव्हा प्रत्येक वस्तूचा शुद्धता-अहवाल आणि भराव वगळून वजन लेखी घ्यावे, आणि भाव त्यावरच ठरवावा. विक्रेता खाच पाडू देत नसेल, तर तबक सोडून द्यावे. बांगड्या तपासून घ्यायला हरकत नाही, आणि तेवढ्यासाठी ठेव मोडावी लागणार नाही.