नववीच्या पेपरची बेरीज

ठाणे

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले स्वगत आधी मनात वाचले आणि नंतर मोठ्याने वाचले. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, नौपाड्यातील जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची वेळ, सामान बांधायला मदत म्हणून आलेला पंचावन्न वर्षांचा माजी विद्यार्थी आणि कपाटाच्या तळाशी सापडलेली त्याचीच १९८५ सालची नववीची उत्तरपत्रिका, ही मांडणी पक्की आहे. कबुली आजच का, या प्रश्नाचे उत्तर त्या रिकाम्या होणाऱ्या घरातच असल्यामुळे बाईंना वेगळे कारण शोधावे लागत नाही. या मांडणीला हात लावू नकोस.

अडचण रहस्याच्या जागेची आहे. पास होण्याइतके गुण असतानाही बाईंनी या मुलाला नापास केले, हे तू अगदी शेवटच्या परिच्छेदात उघड केले आहेस. परंतु बाई उत्तरपत्रिका पाहतात आणि ती घाईने पदराआड घेतात, तेव्हाच प्रेक्षक निम्मे ओळखतो. त्यानंतरची पंधरा मिनिटे तो बाईंचे ऐकत नाही, आपला अंदाज बरोबर निघण्याची वाट पाहतो. ही घटना पहिल्या तृतीयांशातच सांगून टाक. काय केले हे कळल्यावर का केले आणि आणखी काय लपवले, हा प्रश्न उरतो, आणि उरलेला वेळ त्याच प्रश्नावर चालला पाहिजे.

ती घटना बाईंनी वाक्यात सांगूही नये. त्या गणिताच्या शिक्षिका आहेत, म्हणून त्यांनी त्याला बेरीज करायला लावावी. आतल्या पानांवर प्रश्नवार गुण लाल शाईत दिलेले आहेत: ७, ६, ९, ५, ६, ४. बाई एकेक आकडा वर्गात सांगावा तसा सांगतात आणि मध्ये थांबतात. प्रेक्षागृहातील निम्मे लोक नकळत मनात बेरीज करू लागतात आणि ३७ वर पोहोचतात. मग बाई पहिले पान उलटून एकूण गुणांच्या चौकटीतला आकडा वाचतात: ३१. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ लागतात हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. प्रेक्षकांनी स्वतः केलेली बेरीज बाईंना खोटे ठरवते, आणि त्यानंतर त्यांच्या कोणत्याही स्पष्टीकरणाकडे ते सावधपणे पाहतात. तुला नेमके हेच हवे आहे.

आता कारणाकडे येतो, कारण तुझा मसुदा येथेच सर्वांत कमकुवत झाला आहे. दहावीच्या बोर्डाचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबवायचे, हा प्रकार त्या काळच्या अनेक शाळांत चालत असे. ‘चाळिसाच्या आतली मुले पुढे नेऊ नका’ असे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले, हे पटते. बाईंना नकार का देता आला नाही, हे मात्र तू ‘माझा नाइलाज होता’ एवढ्यावर सोडले आहेस. नाइलाज प्रेक्षकांना दिसला पाहिजे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा तेव्हा लागू होता आणि त्यात नव्या शिक्षकाचा परिविक्षा कालावधी दोन वर्षांचा होता. बाई पंचवीस वर्षांच्या आहेत, दुसरे वर्ष संपत आले आहे आणि कायम होण्याचा निर्णय ज्यांच्या शब्दावर अवलंबून आहे त्यांनीच हे सांगितले आहे. एवढे दोन वाक्यांत आले, तर प्रेक्षक त्यांना समजून घेतो.

परंतु तो समजून घेऊ लागताच त्याच्या पायाखालची जमीन काढून घे. तुझ्या मसुद्यात सगळा दोष मुख्याध्यापकांचा ठरतो आणि कबुलीची तक्रार होते. माझी सूचना अशी आहे की, त्या वर्षीच्या तपासणीच्या गठ्ठ्यात आणखी एक पेपर असावा, ३६ गुणांचा. तो मुलगा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा होता आणि बाईंनी त्याला वर ढकलले. म्हणजे ३६ चा मुलगा दहावीत गेला आणि ३७ चा राहिला. हे करायला कोणीही सांगितले नव्हते, ही निवड बाईंची एकटीची होती, आणि इतकी वर्षे त्यांनी लपवले आहे ते खरे तर हे. हा दुसरा पेपर रंगमंचावर दाखवू नकोस. तो फक्त बाईंच्या तोंडून कळला पाहिजे, कारण तो बाहेर काढायला त्यांना कोणताही पुरावा भाग पाडत नाही.

त्या ठिकाणची वाक्ये कशी असावीत, याचा स्वतंत्र विचार कर. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे बाईंना कृत्यापर्यंत पोहोचायला हवा तितका वेळ लावता येतो. पहिल्या भागात त्यांना लांब वाक्ये दे, ज्यांत परिपत्रके, निकाल, वर्गातली संख्या, मे महिन्याचा उकाडा असे सगळे येते आणि शेवटी ‘तू नापास झालास’ असे, नापास करणाऱ्याचा पत्ता नसलेले क्रियापद येते. ३६ च्या पेपरपाशी मात्र वाक्य चार शब्दांचे होऊ दे: ‘त्याचे गुण मी वाढवले.’ येथे अभिनेत्री आवाज खाली आणणार, हे गृहीत धर. गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात लांब वाक्याचे शेपूट मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. आखूड वाक्य हळू आवाजातही पोहोचते.

‘ही उत्तरपत्रिका मी आठवण म्हणून जपली’ हे वाक्य खोटे वाटते, कारण कोणीही आपल्या अपराधाचा पुरावा आठवण म्हणून ठेवत नाही. कोणी गुणांची फेरमोजणी मागितली तर पकडले जाऊ, या भीतीने त्यांनी ती तपासणीच्या गठ्ठ्यातून काढून घरी ठेवली आणि भीती गेल्यावरही फाडण्याचे धैर्य झाले नाही. असे लिही.

माफीचा परिच्छेद संपूर्ण काढून टाक. बाईंनी क्षमा मागितली की लक्ष त्यांच्या अश्रूंकडे जाते आणि समोरचा माणूस केवळ क्षमा करण्यापुरता उरतो. तो नववीनंतर शाळा सोडून वागळे इस्टेटमध्ये लेथवर लागला आणि आज त्याचा स्वतःचा लहान कारखाना आहे, असे तूच लिहिले आहेस. रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करणारा हा माणूस मसुद्याच्या पहिल्या पानावर हसत म्हणतो, ‘बाई, माझे गणित पहिल्यापासून कच्चेच.’ तुझ्या हातातला सर्वांत मोलाचा धागा हा आहे आणि तू तो पुन्हा उचलतच नाहीस. बाईंना बोलायला भाग पाडणारी गोष्ट हे वाक्य असू दे. त्यांच्या आकड्यामुळे तो चाळीस वर्षे स्वतःला कच्चा समजत आला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आता बदलणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यामुळे त्याला परत देण्यासारखे त्यांच्याकडे ३७ एवढेच आहे, आणि कबुलीचा हेतूही तेवढाच ठेव.

लिहून झाल्यावर एक तपासणी कर. त्या विद्यार्थ्याची खुर्ची रंगमंचावरून काढून टाकली आहे, असे समजून वाच. ज्या वाक्यांना काहीच फरक पडत नाही, ती बाई स्वतःशी किंवा प्रेक्षकांशी बोलत आहेत. ती बहुतेक सर्व गाळता येतील. माझ्या अंदाजाने त्यात बालपणाचा भाग आणि निरोपसमारंभाचा भाग जाईल. त्याचे उत्तर मात्र ऐकवू नकोस. बाईंनी पेपर त्याच्या हातात दिला की स्वगत थांबव. सुरुवातीचे त्याचे एक वाक्य चालते, पण यावर तो काय म्हणतो हे लिहायला गेलास की ते स्वगत राहणार नाही.

पुढचा मसुदा पाठवताना शेजारी मिनिटांची नोंद कर. ३६ चा पेपर कितव्या मिनिटाला येतो, हे मला आधी पाहायचे आहे.

तुझा,
एक जुना नाट्यशिक्षक