ठळक अक्षरं कधी होतात, कधी नुसते स्टारच का दिसतात?

प्रश्न: «व्हॉट्सॲपवर शब्दाला स्टार लावून ठळक करतो, पण कधी होतो, कधी स्टार तसेच राहतात. तिरपं, मधे रेघ मारलेलं आणि टाइपरायटरसारखं अक्षर कसं करायचं? आणि मराठी तक्ता सरळ रांगेत का येत नाही?»

मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं पाळीपत्रक गेली काही वर्षं ग्रुपवर टाकतोय. कृष्णेवरून पाणी उचलायचं आणि दारादाराने, म्हणजे पाणी सोडायच्या एकेका तोंडातून, वाटायचं, असं आमचं काम. कुणाच्या उसाला किती वाजता पाणी सुटणार हे त्या एका मेसेजवर ठरतं. त्यामुळे तुम्ही विचारलेली प्रत्येक गोष्ट मला चुकत चुकतच कळली आहे.

तुम्ही विचारलंय त्यासाठी टाइप करायची चिन्हं चारच:

````
*ठळक*
_तिरपं_
~खोडलेलं~
```टाइपरायटरसारखं```
````

शेवटचं चिन्ह म्हणजे बॅकटिक. ते अवतरण चिन्हासारखं दिसतं, पण वेगळं आहे. सुरुवातीला तीन आणि शेवटी तीन, मधे जागा न सोडता. गूगलच्या कीबोर्डवर आकड्यांचं पान उघडलं की स्टार आणि अंडरस्कोर तिथेच सापडतात. नागमोडी रेघ आणि बॅकटिक मात्र त्याच्या पुढच्या, चिन्हांच्या पानावर असतात. आयफोनवर एकेरी अवतरण चिन्हाची कळ दाबून धरली की बॅकटिक वर येतो. एवढं शोधायचं नसेल तर टाइप केलेला मजकूर बोट दाबून निवडा. जो छोटा मेनू येतो त्यात हे पर्याय असतात (काही फोनवर तीन टिंबांमागे), आणि चिन्हं फोन स्वतःच घालतो.

आता स्टार तसेच का राहतात ते. सुरुवातीचं चिन्ह पहिल्या अक्षराला चिकटलेलं हवं आणि शेवटचं चिन्ह शेवटच्या अक्षराला. स्टारनंतर चुकून एक जागा सुटली की फोन त्याला साधा स्टार समजतो. हे ठीकच आहे, नाहीतर कुणी 4 * 5 * 6 असा गुणाकार लिहिला की मधला 5 ठळक झाला असता. पण बरेच कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यापुढे आपोआप जागा सोडतात. तुम्ही लगेच शेवटचा स्टार देता आणि तो शब्दापासून सुटतो. मला वाटतं, तुमचं "कधी होतं, कधी नाही" बहुतेक वेळा इथेच अडकतंय. मेसेज पाठवण्याआधी शेवटच्या स्टारच्या डाव्या बाजूला जागा आहे का, एवढं बघा.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे. इंग्रजीत शब्द सुटे असतात, आपल्याकडे प्रत्यय चिकटून येतात. "सांगलीत"मधलं फक्त सांगली ठळक करावं म्हणून कुणी असं लिहितं:

```
*सांगली*त
*मंगळवार*पासून
```

चिन्हाच्या बाहेरच्या बाजूला जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट असेल अशी ॲपची अपेक्षा असते. तिथे अक्षर चिकटलं की चिन्ह चिन्हच राहण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्ययासकट अख्खा शब्द आत घ्यायचा: `*सांगलीत*`, `*मंगळवारपासून*`. पूर्णविराम आणि स्वल्पविराम बाहेर राहिले तरी चालतं.

तिसरी गोष्ट ओळींची. ठळक, तिरपं आणि खोडलेलं हे एका ओळीपुरतंच चालतं. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला स्टार आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी स्टार दिला तर काहीच होत नाही, प्रत्येक ओळीला स्वतंत्र जोडी लागते. तीन बॅकटिक तेवढे अनेक ओळींना पुरतात, आणि त्यांच्या आतले स्टार स्टार म्हणूनच दिसतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाला ही चिन्हं शिकवायची असतील तर ती बॅकटिकच्या आत लिहून पाठवा.

तिरप्याबद्दल थोडक्यात: मी मराठीत वापरत नाही. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये वेगळं तिरपं अक्षर नसतंच. फोन सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो, मग वेलांट्या आणि रफार एकमेकांवर झुकतात. साठीच्या सभासदाला ते वाचायला लावण्यात अर्थ नाही.

खोडलेल्या अक्षराची किंमत मात्र मला एका रात्री कळली. एका दाराची पाळी मंगळवारी रात्री दहाची होती. मोटारीचं काम निघालं म्हणून ती बुधवारी सकाळी सहावर ढकलली, आणि तसा नवा मेसेज मी टाकला. पण जुनाही मेसेज ग्रुपवर तसाच होता. एका सभासदाच्या मुलाने जुनाच वडिलांना पुढे पाठवला. ते मंगळवारी रात्री थंडीत बॅटरी घेऊन चेंबरपाशी दोन तास बसून राहिले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून बदल असला की जुनी वेळ खोडून नवी तिच्याच शेजारी देतो:

```
चिंचेचं दार
~मंगळवार रात्र 10~ *बुधवार सकाळ 6*
```

मेसेज पाठवून 15 मिनिटं झाली नसतील तर त्यावर बोट दाबून धरून "संपादित करा" घेता येतं, आणि मूळ मेसेजमध्येच हे बदलता येतं. त्यानंतर तो पर्याय मिळत नाही. मग मी जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करतो आणि दुरुस्त केलेला पूर्ण मेसेज नव्याने टाकतो. जुनी वेळ पुसून नुसती नवी लिहिली असती तर ज्याच्या डोक्यात "दहा" बसलंय त्याला बदल झालाय हे कळलंच नसतं. खोडलेलं दिसलं की त्याची नजर तिथे थांबते.

एक सावधगिरी आहे. खोडल्याची रेघ अक्षराच्या मधोमध जाते. लहान स्क्रीनवर रेघ मारलेला 0 हा 8 सारखा दिसतो, आणि "प"चा "ष" होतो. म्हणून खोडलेल्या भागात कुणाला वाचावं लागेल असं काही ठेवू नका, जे रद्द तेवढंच खोडा. आणि 10:00 न लिहिता 10 लिहा.

आता तुमचा तक्ता. टाइपरायटरसारख्या अक्षराचं वैशिष्ट्य हे की त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते, 1 ला जेवढी जागा तेवढीच 8 ला. म्हणून खालच्या ओळीतला आकडा वरच्या आकड्याच्या बरोबर खाली येतो. पण फोनमधल्या त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि चिन्हं असतात, देवनागरी सहसा नसते. मराठी शब्द आला की फोन तो नेहमीच्या देवनागरी फाँटमधून आणतो, आणि तिथे "क्ष" रुंद, "र" अरुंद. मी सुरुवातीला असा तक्ता करायचो:

```
ओढ्याकाठ      06 10
माळ           10 14
चिंचेचं दार     14 18
```

माझ्या समोर जागा मोजून बरोबर बसवलेला हा तक्ता समोरच्याच्या फोनवर वेडावाकडा व्हायचा, कारण त्याचा फोन वेगळा, त्यातला फाँट वेगळा. कितीही जागा सोडा, हे सुधारत नाही. उपाय सोपा निघाला: आकडे आधी, मराठी शब्द ओळीच्या शेवटी.

````
```06-10 040 ओढ्याकाठ
10-14 110 माळ
14-18 085 चिंचेचं दार```
````

पहिले दोन आकडे वेळेचे, मधला गुंठ्यांचा. 40 च्या आधी 0 लावलाय तो रांग सरळ राहावी म्हणून. मराठी शब्दाच्या पुढे काहीच नसल्यामुळे तो रुंद असो की अरुंद, कुणाची रांग बिघडत नाही. आकडे मात्र इंग्रजी हवेत. मराठी कीबोर्डवरून ४० टाइप झालं तर तेही देवनागरी फाँटमधून येतं आणि पुन्हा तेच रडगाणं. आणि ओळ लहान ठेवा. लांब झाली तर स्क्रीनवर मोडून खाली येते आणि सगळा तक्ता विस्कटतो. मी साधारण वीस अक्षरांत बसवतो, कारण आमच्याकडे कित्येकांनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली आहेत.

या अक्षराचा आणखी एक उपयोग पाणीपट्टीच्या वेळी होतो. बँकेचा आयएफएससी कोड 11 अक्षरांचा असतो, त्यात पहिली चार अक्षरं इंग्रजी आणि पाचवा कायम शून्य. लोक तिथे इंग्रजी ओ टाइप करतात आणि पैसे भरायला गेलं की कोड चुकीचा दाखवतो. मी कोड नेहमी बॅकटिकमध्ये देतो, म्हणजे अक्षरं सुटी सुटी दिसतात आणि बोटाने मोजता येतात. खाली एक ओळ लिहितो: पाचवा शून्य आहे. ओळीच्या मधेच असा छोटा कोड द्यायचा असेल तर 2024 पासून दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिकही चालतो.

ही चिन्हं व्हॉट्सॲपची आहेत, फोनची नाहीत, हेही लक्षात ठेवा. टेलिग्रामवर ठळकसाठी दोन्ही बाजूंना दोन दोन स्टार लागतात, तिरप्यासाठी दोन दोन अंडरस्कोर आणि खोडण्यासाठी दोन दोन नागमोडी रेघा. साध्या एसएमएसमध्ये यातलं काहीच चालत नाही. आमच्या दोन पाटकऱ्यांकडे अजून बटणाचा फोन आहे. त्यांना ग्रुपवरचा मेसेज तसाच चिकटवला तर खोडलेली वेळ आणि नवी वेळ दोन्ही नुसत्या चिन्हांसकट शेजारी शेजारी दिसतात, आणि नेमकी कुठली रद्द झाली हे त्यांना कळायला मार्ग नसतो. त्यांच्यासाठी मी वेगळा मेसेज लिहितो, त्यात फक्त नवी वेळ: "चिंचेचं दार बुधवार सकाळी 6. मंगळवारची पाळी रद्द."