कारणाचा रकाना

ताई, नमस्कार. मी 29 वर्षांची, एम.कॉम. झालेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. तीन वर्षांत बघण्याचे 11 कार्यक्रम झाले आणि 11 नकार आले. शेवटचा मुलगा पुण्याचा होता, मला मनापासून आवडला होता. भर दुपारी गच्चीवर अर्धा तास बोललो, हसलो. चौथ्या दिवशी मध्यस्थ काकूंचा फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका तर आधीच जुळवली होती. काय समजायचं ते मी समजले, मी सावळी आहे. तिसऱ्या स्थळाला माझी उंची नडली, सहाव्याला वडिलांचं लूमवरचं काम. ऑफिसात परत आलेल्या मालाचं रजिस्टर माझ्याकडे असतं, तशीच एक वही मी घरी केली आहे, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ आहे. आई बिचारी काही बोलत नाही, वही वाचते आणि ठेवून देते. आता माझी खात्री झाली आहे की खोट माझ्यातच आहे. पुढच्या महिन्यात बारावं स्थळ येतंय. नको म्हणून सांगू का?
– सोलापूरची एक वाचक

ती घरची वही आण, समोर ठेव, मगच पुढचं वाच. पत्रात तू तिचा उल्लेख जाता जाता केलास आणि मी मात्र तिथेच अडकून बसले.

आधी ऑफिसातल्या रजिस्टरचं बोलू. बाहेरगावच्या एखाद्या पार्टीकडून टॉवेलचे चार गठ्ठे परत आले, तर कारणाच्या रकान्यात तू काय लिहितेस? पार्टीच्या डेबिट नोटवर असेल ते. शेडमध्ये फरक, वजन कमी, माल उशिरा पोचला, नाहीतर नुसतंच ‘ऑर्डर रद्द’. नोट आली नसेल तर रकाना कोरा राहतो आणि तू फोन लावतेस. मनानेच ‘शिलाई खराब’ असं ठोकून दिलंस तर ऑडिटर विचारणार, हे कुणी सांगितलं? मालकही विचारणार, कारण त्या दोन शब्दांवरून शिलाईवरच्या बाईची हजेरी घेतली जाणार असते.

आता घरच्या वहीतली अकरावी ओळ बघ. तिथे ‘रंग’ लिहिलंय. हे कुणी सांगितलं?

पत्रिका आधी जुळली होती, तेव्हा काकूंनी आणलेला निरोप खोटा होता. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण त्यांचं कारण खोटं ठरलं म्हणून तुझं कारण खरं ठरत नाही. तो मुलगा फोटो बघून पुण्याहून अडीचशे किलोमीटर आला आणि भर दुपारी गच्चीवर तुझ्यासमोर अर्धा तास बसला. तुझा रंग त्याला पहिल्या मिनिटाला दिसला होता. (फोटो स्टुडिओवाल्याने उजळ करून दिलेला असेल, तर तो आजच बदल. ती वेगळी भानगड आहे.) त्यानंतरच्या चार दिवसांत त्या घरात काय घडलं, हे तुला माहीत नाही. त्याच्या आत्याने दुसरं स्थळ आणलं असेल. पुण्यात त्याचं आधीच कुठे जुळलेलं असेल. लग्नानंतर तू नोकरी करणार का, यावरून मायलेकांचं वाजलं असेल. रंगही असेल. यातलं एक निवडून तू पेनाने लिहून टाकलंस, आणि निवडलंस तेही बरोबर तुला सगळ्यात जास्त लागणारं.

नकाराचा निरोप कसा बनतो, ते मला ठाऊक आहे, कारण असा एक निरोप मी स्वतः दिलाय. माझ्या भाच्यासाठी आम्ही एक मुलगी बघितली होती. हसरी, हुशार, बोलण्यात मोकळी. घरी सगळ्यांना पसंत. दोन दिवसांनी भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला, मावशी, माझं ऑफिसातल्या एका मुलीवर प्रेम आहे. मग इतके दिवस काय तोंड शिवलं होतं तुझं? पण हे त्या मुलीच्या घरी सांगायचं कसं? आमचीच अब्रू जायची. मी फोन उचलला आणि सांगितलं, ‘एकनाडी येतेय हो, आमच्या आईंना ते चालत नाही.’ आमच्या आई तेव्हा हयातही नव्हत्या. पुढे काही वर्षांनी एका लग्नात त्या मुलीची आई भेटली. जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून त्या मला हळूच म्हणाल्या, ‘खरं सांगा, नाडीच होती का? ती अजून म्हणते, मी जास्त बोलले म्हणून झालं.’ माझ्या ताटातली पुरी तशीच राहिली. आमच्या भाच्याच्या भित्रेपणाचं बिल त्या पोरीने स्वतःच्या मोकळ्या बोलण्यावर फाडलं होतं, आणि म्हणे तेव्हापासून कार्यक्रमात ती मान खाली घालून बसायची.

तुझ्याकडे आलेले निरोपही असेच चार तोंडांतून आलेत. मुलगा आईला सांगतो, आई काकांना, काका मध्यस्थांना, मध्यस्थ तुझ्या घरी. प्रत्येक जण थोडी साखर घालतो, थोडं झाकतो. तुझ्यापर्यंत पोचतो तो फक्त ‘नाही’ हा शब्द. बाकीची चव वाटेत मिसळलेली.

तू म्हणशील, ताई, मग इतकं लागतं का? काहीतरी खरं असल्याशिवाय इतकं लागेल का? लागतं. किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. ते एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. जवळ दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. ती चकती घरंगळत यांच्याकडे आली, यांनी परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे टाकली, असा थोडा वेळ तिघांचा खेळ चालला. मग त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे टाकणं बंद केलं. ओळख ना पाळख, पण विल्यम्सना ते चांगलंच झोंबलं. त्यावरून त्यांनी संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ बनवला, ज्यात थोड्या वेळाने तुमच्याकडे चेंडू येणंच थांबतं. 2004 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू टाकतोय. तरीही त्यांना लागलं. आपण कुणाला नकोत, आपली किंमत कमी आहे, असं त्यांनाही वाटलं. यंत्राने चेंडू टाकला नाही म्हणून! वगळलं गेलं की आपल्या आत घंटा वाजते, इतकंच तिचं काम आहे. कुणी वगळलं, का वगळलं, त्याला काही अर्थ होता का, हे ती घंटा बघत नाही. तेव्हा तुला जे लागतंय ते खरं आहे, पण त्याला पुरावा म्हणून वहीत चिकटवू नकोस.

रंगावरून मुली नाकारल्या जातात, हे मी नाकारत नाही. आपल्याकडे सर्रास होतं. उंचीवरून होतं, बाप लूमवर आहे म्हणूनही होतं, आणि ज्या शहराच्या चादरी-टॉवेलवर ही बिऱ्हाडं पोसली तिथे हे ऐकून माझं तर डोकंच फिरतं. तेव्हा सहाव्या स्थळाने हे तोंडावर बोलून दाखवलं असेल तर जरूर लिही, पण शब्द त्यांचे लिही आणि पुढे बोलणाऱ्याचं नाव लिही. तेवढ्याने ती नोंद त्यांच्या खात्यावर जाते.

आणि एक हिशेबाची चूक दाखवू? रंग, उंची, वडिलांचं काम, अशा तीन ओळींत तीन वेगळी कारणं तू मला दिलीस आणि तळाशी बेरीज मारलीस, ‘खोट माझ्यात’. ऑफिसात टॉवेलचे नग आणि सुताचे किलो तू एका बेरजेत घेतेस का? एकाच मशीनचा माल पाच पार्ट्यांकडून एकच दोष सांगून परत आला, तर आपण मशीन उघडतो. प्रत्येक पार्टीचं कारण वेगळं असेल तर मशीनला कुणी हात लावत नाही. वीस काउंटचं सूत मागवलं आणि सोळाचं आलं, तर तूही ते परत पाठवतेस. त्या परतीच्या चलनावर ‘सूत टाकाऊ’ असं कधी लिहिलंस?

आईचं सांगते, राग आला तर येऊ दे. मला ती ‘बिचारी’ वाटत नाही. तीन वर्षं ती वही वाचते आणि मिटून ठेवते. ‘अगं, हे तुला कुणी सांगितलं?’ एवढं एकदाही विचारलं नाही तिने. तिचं गप्प बसणं तुला त्या प्रत्येक ओळीखालच्या सहीसारखं वाटत आलंय. यापुढे ती वही तिच्या हाती द्यायची नाही.

तर काम एकच. लाल पेन घे आणि कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत तपास. जे शब्द कुणी तरी खरोखर उच्चारले, ते ठेव, पुढे कुणी आणि कसे ते लिही. जे तू स्वतः ताडलंस, त्यावर आडवी रेघ मार आणि वर ‘माहीत नाही’ असं लिही. खरं कारण विचारायला कुणालाही फोन करायचा नाही. ऑफिसात फोन लावणं बरोबर, इथे लावलास तर आणखी एक सभ्य थाप पदरात पडेल. दोन संध्याकाळचं काम आहे. ते झाल्याशिवाय बाराव्या स्थळाबद्दल एक शब्द बोलू नकोस. झाल्यावर त्यांना येऊ दे, आणि त्या दिवशी ही वही ऑफिसच्या कपाटात कुलपात असू दे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा आपण नसलेलं बरं असं मनात येत असेल, तर लाल पेनाने भागणार नाही. 14416 हा सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तो आजच लाव. मराठीत बोलता येतं.

सुरुवात अकराव्या ओळीपासून कर. ‘रंग’ खोड. तिथे लिही, ‘मध्यस्थ काकू, फोनवर, म्हणाल्या पत्रिका. खरं कारण माहीत नाही.’ शेजारी जागा उरली असेल तर ‘मला आवडला होता’ हेही लिहून ठेव. त्या ओळीत तुझ्या स्वतःच्या माहितीतलं तेवढं एकच आहे.