गुडघा बदलल्यावर फिजिओचं पॅकेज घ्यावं की एकेका वेळेचे पैसे द्यावे?

प्रश्न : "आईचा (वय 64) उजवा गुडघा बदलला, परवा सुट्टी झाली. गाव आर्वीपासून 14 किलोमीटर. फिजिओ एका वेळेचे 300 आणि घरी येण्याचे वरून 200 सांगतात. 30 वेळांचं पॅकेज 12,000, येणं-जाणं धरून, पैसे आगाऊ. कोणतं परवडेल?"

भाऊ, मी तालुक्याच्या गावी हेच काम करतो, म्हणून आमच्या बाजूचा हिशोबही सांगतो.

पॅकेजात एक वेळ 400 ला पडते, सुटी 500 ला. पण 12,000 भागिले 500 म्हणजे 24. घरच्या चोवीस भेटींच्या आत काम झालं तर सुटे पैसेच स्वस्त. म्हणून आधी भेटी किती लागतील ते बघा, दर नंतर.

गुंतागुंत नसेल तर माझा अंदाज असा असतो. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे 12 भेटी. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, 6. नंतर महिनाभर आठवड्याला एकदा, 4, आणि या क्लिनिकमध्ये. घरच्या 18 भेटींचे 9,000, क्लिनिकच्या चारचे 1,200, म्हणजे 10,200 आणि वर एस.टी.चं भाडं. पॅकेजातल्या आठ वेळा वापराविना राहतात.

क्लिनिकच्या भेटी शेवटी ठेवल्या त्याला कारण आहे. 300 मध्ये काम होतं म्हणून आत्ताच आईला आर्वीला नेऊ नका. स्पेशल ऑटोचे जाऊन-येऊन 200 च्या वर गेले की घरची भेटच स्वस्त, शिवाय पांदणीच्या गचक्यांनी सुजलेला गुडघा आणखी ठणकतो. एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, पण तिची पहिली पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे घरच्या पायरीवर आधाराने जमायला लागलं की मगच एस.टी.

आता दुसरी बाजू. गुडघा अकडला तर वरचा अंदाज कोसळतो. मग घरच्या 32 भेटीही लागू शकतात. सुट्या दराने त्या 16,000 ला जातील; पॅकेज आणि वरच्या दोन सुट्या मिळून 13,000 ला होतील. आई कोणत्या बाजूला जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि नेमके आजच तुमच्याकडून तीस वेळांचे पैसे मागतात.

म्हणून दहाचंच बोलणं करा. 4,500 म्हणून पाहा, नाही जमलं तर 5,000 द्या. दहा भेटी होईपर्यंत टाके काढायची वेळ आलेली असते. त्या दिवशी सर्जनकडेच गुडघ्याचा कोन मोजून घ्या आणि कागदावर लिहून मागा. "छान वाकतो" हे मोजमाप नव्हे. साधारण 90 अंश वाकत असेल आणि पलंगावर पाय जवळजवळ सरळ टेकत असेल तर पुढे सुटे पैसे द्या. 70 च्या आसपास अडकला असेल, किंवा टाचेखाली उशी ठेवूनही गुडघ्याची मागची बाजू खाली जात नसेल, तर उरलेल्या वीसचं पॅकेज तेव्हा घ्या. तेव्हा ते खरंच परवडतं. सहा आठवड्यांनीही 90 झालं नाही तर नवीन पॅकेज घेऊ नका, सर्जनकडे जा. भूल देऊन गुडघा वाकवून देण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांतच चांगला लागू पडतो.

भेटी कमी व्हाव्यात असं वाटत असेल तर फिजिओ गेल्यावर काय होतं ते पाहा. मांडी आवळून धरणं, टाच पलंगावरून मागे सरकवणं, पंजा वर-खाली हलवणं, हे दिवसातून तीन-चारदा आईने स्वतः करायचं. आमच्याकडे घरोघरी एकच गोष्ट नडते : आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात, आणि पाय वाकडाच राहतो. फिजिओ नुसतं मशीन लावून, शेक देऊन जात असेल तर तो सुटा घेतला तरी महाग आहे.

पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्या दिवशी व्यायाम नाही, सरळ दवाखाना.

आधाराशिवाय घरात फिरायला बहुतेकांना महिना-दीड महिना लागतो, सूज आणि ताठरपणा पूर्ण जायला सहा महिने ते वर्ष. तेवढे दिवस फिजिओ लागत नाही. आईला वेचणीला जायचं असेल तर उभ्याने वेचता येईल, पण उकिडवं बसून निंदण यापुढे नको.

आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या : पॅकेजची मुदत किती दिवसांची, आणि नाल्याला पूर येऊन फिजिओ आला नाही तर ती भेट कापली जाते का. मधेच थांबलो तर उरलेले पैसे परत, हे पावतीवरच लिहून घ्या.