मिसकुटाची गोष्ट लिहिताना

अगं, मिसकूट म्हणजे आपलं गोव्याचं भरल्या कैरीचं लोणचं विकण्यासाठी तू जी गोष्ट लिहिली आहेस, तिच्यातलं ‘आजीच्या हातची पारंपरिक चव’ हे पहिलं वाक्य काढून टाक, ते कुणाच्याही बरणीवर चिकटेल. तू फोंड्याला मिसकूट घालतेस ना? मग तिथूनच लिही: ‘त्या वर्षी परसातल्या कैऱ्या फार उतरल्या. सासूबाईंनी चिरा देऊन, मसाला भरून मिसकूट घातलं. शेजारणींनी बरण्या मागितल्या, पैसेही पुढे केले.’ घरात पैशाची गरज होती, तर तेही सांग. त्यात लाजायचं काय? आता कैऱ्या म्हापशाच्या बाजारातून येतात, हे मात्र लपवू नकोस. गिऱ्हाईक विचारतंच. मदतीला येणाऱ्या दोघींची नावं त्यांना विचारूनच घाल. एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक गोष्टीत कोंबू नकोस, खाली वेगळा दे.