पगाराचा इतिहास मालकाला विचारू नका, तारखांना विचारा

प्रश्न : मी सीएनसी सेटर आहे, राहणार तासगाव. आधीच्या ठिकाणी पगार तुकड्यांनी मिळायचा, शेवटचे दोन महिने मिळालेच नाहीत. व्हाउचरवर मात्र पूर्ण पगाराची सही करून घेतली होती. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपची ऑफर आहे, महिना 24 हजार. तिथेही पगार रखडतो असं कानावर आलं आहे. खरं-खोटं सही करण्याआधी कसं कळेल? आणि जुने पैसे मिळतील का?

उत्तर : मिळाला नाही त्या पैशाच्या पावतीवर तुम्ही सही केलीत. असा माणूस दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसतो आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं असतं, "साहेब, सगळेच करत होते." असो, त्याकडे शेवटी येऊ.

नव्या ठिकाणाबद्दल कानावर काय आलं ते बाजूला ठेवा. निर्णय एका अंतरावर घ्यायचा आहे : ज्या महिन्याचं काम, त्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला गेला. एखाद्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पगार अडकलेल्या मालकाचा पीएफही बहुतेक वेळा अडकतो आणि ती तारीख कोणालाही बघता येते. पीएफच्या संकेतस्थळावर (epfindia.gov.in) 'Establishment Search'मध्ये वर्कशॉपचं नाव टाका, सापडलेल्या नोंदीत 'View Payment Details' उघडा. लॉगिन लागत नाही. तिथे वेतनाचा महिना, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि कामगारांची संख्या एका ओळीत दिसते. मालक एकटा असेल तर नोंद त्याच्या नावावर किंवा जुन्या नावावर असू शकते, म्हणून गाळ्याच्या पत्त्यावरून पडताळा.

ओळी वाचायच्या कशा, ते माझ्याकडे आलेल्या एका सेटरच्या प्रकरणावरून सांगतो. त्याच्या वर्कशॉपचा जानेवारीचा पीएफ 14 फेब्रुवारीला आणि फेब्रुवारीचा 15 मार्चला जमा झाला होता, म्हणजे सगळं ठाकठीक. मग मार्च, एप्रिल आणि मे, तिन्ही महिन्यांचे पैसे एकाच दिवशी, 20 जूनला. कामगारांची संख्या त्याच काळात 31 वरून 22 वर आली होती. तीन महिने एका दिवशी भरले जातात तेव्हा मालकाला एकाएकी शहाणपण सुचलेलं नसतं. बहुधा मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरआधी किंवा बँकेने कर्जाआधी पीएफ भरल्याची चलनं मागितलेली असतात. या प्रकरणात गिऱ्हाइकानेच मागितली होती. नऊ माणसं का गेली, हे त्या नऊ जणांना विचारलं असतं तर कळलं असतं.

आता उलट बाजू. पीएफ वेळेवर असला म्हणजे पगार वेळेवर असतो असं नाही. उशिरा भरलेल्या पीएफवर वर्षाला 12 टक्के व्याज आणि वर दंड बसतो, तर पगार थकवल्यावर लगेच कोणी विचारायला येत नाही, म्हणून काही मालक पीएफ आधी भरतात. आणि पीएफ वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागतो. तुमचं वर्कशॉप बारा माणसांचं असेल तर हे पान कोरं दिसेल आणि त्यावरून काहीच निष्पन्न होणार नाही. म्हणून दुसरी पायरी, सोडून गेलेली माणसं.

ती शोधायला फार हिंडावं लागत नाही. गेटसमोरचा चहावाला, टूल पुरवणारा, तुमच्या आयटीआयच्या बॅचचा ग्रुप, एवढे पुरतात. पण "कंपनी कशी आहे?" विचारू नका. काढून टाकलेला शिव्या घालेल, मालकाचा भाचा कौतुक करेल. गेल्या वर्षभरात सोडलेल्या तिघा-चौघांना, शक्यतो वेगवेगळ्या पाळीतल्या, एकच मागा : शेवटच्या सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटमधल्या फक्त पगाराच्या ओळी. बाकीचं झाकून देऊ द्या. त्या ओळीत तीन गोष्टी बघा. तारीख सातनंतरची आहे का; एका महिन्याची रक्कम आठ हजार, पाच हजार, अशा तुकड्यांत आली का; आणि पैसे वर्कशॉपच्या खात्यातून आले की मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवरून. आपल्याकडे अर्ध्या पगाराला 'उचल' म्हणायची खोड आहे. पंधरा तारखेला दिलेली उचल आणि कधीच न आलेली बाकी, असाच पगार बुडतो. स्टेटमेंटशेजारी त्या माणसाचं पीएफ पासबुक ठेवलं तर आणखी स्पष्ट होतं : पासबुकात पूर्ण वेतन आणि बँकेत निम्मं, तर कागदावरचा पगार आणि हातातला पगार वेगळा आहे. ठेकेदाराकडे काम केलेल्याची साक्ष मात्र तुम्हाला लागू पडेलच असं नाही. त्याचा पगार ठेकेदार देतो.

सोडताना शेवटचा हिशोब किती दिवसांत मिळाला, हेही विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मासिक पगाराला पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाची मुदत आहे आणि नोकरी सुटल्यावर हिशोबाला दोन कामकाजाच्या दिवसांची. चार महिने झुलवलेला माणूस भेटला तर ऑफर घ्यायला मी सांगणार नाही, पीएफची पानं कितीही स्वच्छ असोत.

तक्रारींचा शोध तिसरा, आणि त्यावर कमीत कमी भिस्त ठेवा. services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. लोक सांगली जिल्हा निवडतात, काही सापडत नाही आणि खूश होतात. औद्योगिक व कामगार न्यायालयांची नोंद जिल्ह्याच्या यादीत स्वतंत्र आहे, तीही उघडून बघा. फौजदारीत मालकाच्या नावावर धनादेश न वटल्याच्या केसेस असतील तर पगाराचं भविष्य तिथेच दिसतं. पण काहीच न सापडणं म्हणजे क्लीन चिट नव्हे. बहुतेक तक्रारी सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या टेबलावर मिटतात, उरलेल्यांपैकी निम्मे कामगार तारखांना कंटाळून फिरकत नाहीत. माहिती अधिकारात विचारता येईल, पण उत्तराची मुदतच तीस दिवसांची, आणि तेवढे दिवस तुमची ऑफर थांबणार नाही.

सही करायचं ठरलं तर ऑफर लेटरमध्ये 'पगार गिऱ्हाइकाकडून वसुली झाल्यावर' अशा अर्थाचं वाक्य आहे का, पाहा. असलं तर ते काढायला सांगा. कायद्यापुढे ते टिकणं अवघड, पण ते लिहिणाऱ्याचा इरादा कळतो.

आता जुने दोन महिने. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दाव्याची मुदत 12 महिने होती, नव्या संहितेत ती तीन वर्षांची आहे. तुमची थकबाकी संहितेच्या आधीची असेल तर तीन वर्षांचा फायदा मिळेल की नाही, यावर समोरचा वकील नक्की भांडेल. त्यामुळे नोकरी सोडल्याची तारीख हीच तुमच्या प्रकरणात निर्णायक. व्हाउचरवरची सही घातक असली तरी अखेरची नाही. त्या महिन्यांचे पैसे बँकेत आले नाहीत, आधीचे महिने मात्र तुकड्यांनी का होईना बँकेतच यायचे, हे दाखवता आलं तर रोखीने दिल्याचा पुरावा आम्ही मालकाकडे मागू. बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, पगाराबद्दलचे मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि त्या काळातल्या दोन सहकाऱ्यांची नावं घेऊन या. मेसेज डिलीट करू नका, आणि कोणाकडूनही 'सगळा हिशोब पूर्ण झाला' अशा कागदावर आता सही करू नका.