कोटेशनमध्ये सात आठवडे, ऑर्डर अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये बारा

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, स्पेशल पर्पज मशिन बनवतो. एका हायड्रॉलिक पॉवर पॅकसाठी परगावच्या सप्लायरचं ३ जूनचं कोटेशन होतं: ९ लाख ४० हजार, लीड टाइम ६ ते ७ आठवडे. १२ जूनला परचेस ऑर्डर म्हणजे पीओ दिली, त्यात ‘डिलिव्हरी ७ आठवडे, तुमच्या कोटेशनप्रमाणे’ असं लिहिलं. १८ जूनला त्यांची ऑर्डर अ‍ॅक्नॉलेजमेंट आली, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स आणि ड्रॉइंग मंजुरीनंतर १२ आठवडे’. माझं लक्ष गेलं नाही, आणि २० जूनला अकाउंटंटने ३० टक्के अ‍ॅडव्हान्स भरून टाकला. चाकणच्या कस्टमरला मशिन ३१ ऑगस्टला द्यायचं आहे, उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का दंड. फोनवर सेल्सवाला म्हणतो, ‘साहेब, होईल लवकर.’ त्यांना जाब कसा विचारू? लेखी दिलं तर संबंध बिघडतील का? ड्रॉइंग अजून आलेलं नाही.

उत्तर: संबंध लेखी विचारल्याने बिघडत नाहीत. सप्टेंबरात ‘तुम्हीच मान्य केलं होतं’ असं एकमेकांना सुनवायची वेळ आली की बिघडतात. पण पत्र लिहिण्याआधी एक काम करा. ३ जूनच्या कोटेशनचं शेवटचं पान काढा आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचा. तुमची बाजू किती भक्कम आहे, हे बरंचसं तिथेच ठरतं.

तिथे दोन गोष्टी शोधायच्या. ‘हे कोटेशन ३० दिवस वैध’ असं काही लिहिलं असेल आणि त्यापुढे कुठलीही पळवाट नसेल, तर ते कोटेशन म्हणजेच त्यांचा प्रस्ताव होता आणि तुमची १२ जूनची पीओ हा त्याचा स्वीकार, असं म्हणता येतं. मग करार १२ जूनलाच झाला, सात आठवड्यांचा. त्यानंतर आलेल्या कागदाने तो एकतर्फी बदलत नाही. करारात बदल करायला दोघांची संमती लागते, भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ६२ तेच सांगतं. उलट ‘लीड टाइम अंदाजे आहे, ऑर्डर अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये कन्फर्म केला जाईल’ किंवा ‘ऑर्डर आमच्या स्वीकृतीच्या अधीन’ असं वाक्य असेल, आणि यंत्रसामग्रीच्या कोटेशनमध्ये ते फार वेळा असतं, तर कोटेशन हे फक्त चौकशीचं उत्तर ठरतं. अशा वेळी प्रस्ताव तुमच्या पीओने सुरू होतो. त्याला त्यांनी वेगळी मुदत घालून उत्तर दिलं, म्हणजे पीओ स्वीकारली नाही, नवा प्रस्ताव मांडला. कलम ७ प्रमाणे स्वीकार बिनशर्त असावा लागतो. ‘हो, पण बारा आठवडे’ हा स्वीकार नव्हे.

इथे तुमच्या अकाउंटंटची तत्परता आडवी येते. नव्या प्रस्तावावर नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार नाही. पण त्यानंतर पैसे भरणं हा वागण्यातून दिलेला होकार आहे, असं ते म्हणू शकतात. तुम्हालाही उत्तर आहे: माझी पीओ तुमच्या हातात होती, त्या पीओवरचा अ‍ॅडव्हान्स तुम्ही ठेवून घेतलात, म्हणजे पीओ तुम्हीच स्वीकारली. दोन्ही युक्तिवादांत दम आहे. म्हणून पैसे कशाच्या आधारावर गेले ते पाहा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस १८ तारखेच्या आधीच आला होता का? पेमेंट अ‍ॅडव्हाइसमध्ये तुमचा पीओ नंबर लिहिला होता का? तसं असेल तर तुमची बाजू वरचढ होते. इन्व्हॉइस अ‍ॅक्नॉलेजमेंटलाच जोडून आला असेल तर ती कमकुवत होते. ते मेल आणि बँकेची नोंद आजच एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता या मुदतींचं गणित. १२ जूनपासून सात आठवडे म्हणजे ३१ जुलै. त्यांच्या भाषेत मात्र घड्याळ अ‍ॅडव्हान्स आणि ड्रॉइंग मंजुरी, यांपैकी जे शेवटी होईल त्यापासून चालू होतं. नुसता अ‍ॅडव्हान्स धरला तर १२ सप्टेंबर. ड्रॉइंग तुम्हाला येऊन तुम्ही ४ जुलैला मंजूर केलंत, तर २६ सप्टेंबर. म्हणजे फरक पाच आठवड्यांचा दिसतो, प्रत्यक्षात आठ आठवड्यांचा आहे. शिवाय ड्रॉइंग पाठवणं त्यांच्याच हातात आहे! ते आठ दिवस बसून राहिले तर मुदत आठ दिवस पुढे सरकते, आणि त्याचा दोष कुणाच्याच माथी येत नाही. अ‍ॅक्नॉलेजमेंटमधली सगळ्यात घातक गोष्ट बारा हा आकडा नसून हे घड्याळ आहे. बहुतेक जण नेमके आकड्यावर भांडतात आणि घड्याळ तसंच सोडून देतात.

सप्लायरला खुलासा विचारताना म्हणूनच ‘उशीर का?’ असं मोघम विचारू नका. त्याचं मोघम उत्तर येतं. कोटेशनमधले सात आठवडे कोणत्या दिवसापासून मोजले होते आणि अ‍ॅक्नॉलेजमेंटमधले बारा कोणत्या दिवसापासून, हे विचारा. सात आठवडे डिस्पॅचचे होते की तुमच्या दारात माल पोचण्याचे, हेही. मग कोणत्या भागामुळे मुदत वाढली, हे विचारा. पॉवर पॅकमध्ये टाकी आणि पाइपिंग हे वर्कशॉपचं काम असतं, पण पंप आणि प्रपोर्शनल व्हॉल्व्ह बऱ्याचदा बाहेरून येतात. अनेकदा असं होतं की कोटेशन देताना व्हॉल्व्ह डीलरकडे स्टॉकमध्ये होता आणि तुमची ऑर्डर येईपर्यंत विकला गेला. काही वेळा कारण आणखी साधं असतं: सेल्सने सात लिहिलं आणि प्लॅनिंगने ड्रॉइंगचे तीन आठवडे आणि स्वतःच्या सोयीचे दोन वाढवले. पहिल्या प्रकारात तुम्ही दुसऱ्या मेकचा व्हॉल्व्ह मान्य करून किंवा स्वतः आणून देऊन मार्ग काढू शकता. दुसऱ्या प्रकारात नुसता प्रश्न विचारला की मुदत आपोआप आक्रसते. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत कोर्टाचं नावही निघालं नाही, मजकूर नीट गेला इतकंच.

मेल साधारण असा जाऊ द्या, इंग्रजीत पाठवलात तरी हरकत नाही:

‘आमची १२ जूनची पीओ तुमच्या ३ जूनच्या कोटेशनमधल्या ७ आठवड्यांवर आधारित होती. तुमच्या १८ जूनच्या अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये १२ आठवडे आणि वेगळा आरंभदिन दिसतो. हा बदल आम्ही मान्य केलेला नाही. २० जूनचा अ‍ॅडव्हान्स आमच्या पीओपोटी दिला आहे. कृपया कळवा: (१) दोन्ही कागदांत मुदत कोणत्या दिवसापासून धरली आहे, (२) कोणत्या भागामुळे ती वाढली, (३) मंजुरीचं ड्रॉइंग कोणत्या तारखेला पाठवाल, (४) माल भोसरीत पोचण्याची पक्की तारीख. हे युनिट ज्या मशिनसाठी आहे ते आम्हाला ३१ ऑगस्टला द्यायचं आहे, उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का दंड आहे. दुरुस्त अ‍ॅक्नॉलेजमेंट बुधवारपर्यंत पाठवावी.’

यातलं दंडाचं वाक्य गाळू नका. कलम ७३ प्रमाणे, करार मोडल्याने स्वाभाविकपणे होणारं नुकसान, किंवा जे होऊ शकतं हे करार करतानाच दोघांना माहीत होतं, तेवढंच मागता येतं. दूरचं नुकसान मागता येत नाही. चाकणच्या दंडाची कल्पना त्यांना १२ जूनला दिली नसेल, तर जुन्या करारावर तो त्यांच्याकडून वसूल करणं अवघड जाईल. पण आता दुरुस्त अ‍ॅक्नॉलेजमेंट घेऊन नव्याने तारीख ठरली, तर ही माहिती तारीख ठरण्याआधी त्यांच्याकडे पोचलेली असेल. तारीख ठरून गेल्यावर सांगण्यात मात्र तसा उपयोग नाही.

काय लिहू नये, तेही सांगतो. ‘आपल्या अ‍ॅक्नॉलेजमेंटनुसार १२ आठवडे लागणार आहेत, तरी शक्य तितकं लवकर पाठवावं ही विनंती’ हे सभ्य वाक्य तुमचं प्रकरण संपवतं. तुम्ही बारा आठवडे मान्य केलेत आणि वर विनंती केलीत. फोनवर ‘होईल लवकर’ म्हणणाऱ्या सेल्सवाल्यालाही संभाषणानंतर त्याच दिवशी एक ओळ पाठवा: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे तुम्ही ३१ जुलै म्हणालात, चुकत असेल तर कळवा.’ असे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा म्हणून चालतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून मूळ फोन आणि मेलबॉक्स जपून ठेवा.

या मेलचं उत्तर येईपर्यंत ड्रॉइंग आलं, तर काय? अडवून धरू नका, कारण मग मुदत तुमच्यामुळे लांबली असं होईल. मंजूर करा, पण मंजुरीच्या मेलमध्ये लिहा: ‘ही मंजुरी केवळ तांत्रिक बाबींपुरती आहे, डिलिव्हरीच्या मुदतीबद्दलची आमची हरकत कायम आहे.’ तुमच्या डिझाइनच्या मुलालाही हे आधी सांगून ठेवा. तो शिक्का मारून स्कॅन पाठवेल आणि मुदतीचा प्रश्न त्याच्या गावीही नसेल.

ऑर्डर रद्द करून अ‍ॅडव्हान्स परत मागावा, असं मनात येत असेल तर थांबा. डिलिव्हरीची मुदत कराराचा मुख्य गाभा होती का, हे करारातल्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून ठरतं. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ११ मध्येही ते अटींवर सोपवलेलं आहे. गाभा नव्हती असं ठरलं, तर उशिराबद्दल भरपाई मिळू शकते, पण रद्द करण्याचा हक्क मिळत नाही. मग घाईने रद्द करणारे तुम्हीच करार मोडणारे ठरता आणि २ लाख ८२ हजारांचा अ‍ॅडव्हान्स अडकतो. म्हणून दुरुस्त अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये ‘ही मुदत कराराचा गाभा आहे’ हे वाक्य आणि तारीख, दोन्ही घ्या. आठवडे नकोत, कॅलेंडरची तारीख हवी.

शेवटची गोष्ट तुमच्या गेटवरच्या माणसासाठी. उशिरा आलेला माल गपचूप उतरवून घेतला, तर करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भरपाईचा हक्क जाऊ शकतो, स्वीकारतानाच ‘उशिराची भरपाई मागणार आहोत’ असं कळवलं नसेल तर. पॉवर पॅक लागणार आहे, तेव्हा तो परत पाठवण्याचा प्रश्न नाही. टेम्पो आला की डिलिव्हरी चलनावर ‘मुदतीनंतर आला, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला’ असं लिहून सही करायची आणि त्याच दिवशी, जमल्यास माल उतरवायच्या आधी, सप्लायरला एका ओळीचा मेल टाकायचा. ही ओळ छापून स्टोअरच्या भिंतीवर लावून ठेवा.